शिल्लक ४८० की ७००? एका तक्रारीची तीन तिकिटं

तिकिटाचं शीर्षक होतं ‘शिल्लक चुकते’. खाली वर्णनाच्या जागी एकच ओळ: ‘ऑर्डरची शिल्लक बरोबर येत नाही, अर्जंट आहे, पार्टी ओरडतेय.’ सोबत मोबाइलवरून काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो, त्यात ऑर्डर नंबरचे शेवटचे दोन आकडे कापले गेलेले.

आमची टीम सोलापुरात टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. ऑर्डर, सुताचा साठा, मागावरचं उत्पादन, पॅकिंग आणि डिस्पॅच असा सगळा हिशोब त्यात असतो. वापरणारे बहुतेक अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांचे दिवाणजी. अडचण आली की ते सपोर्टला फोन करतात, सपोर्टवाली व्यक्ती गिटलॅबमध्ये तिकीट टाकते आणि डेव्हलपर ते उचलतो. म्हणजे ज्याला त्रास झाला तो तिकीट लिहीत नाही, आणि जो लिहितो त्याने तो त्रास पाहिलेला नसतो. अशी साखळी अनेक ठिकाणी असते. तिकिटात आधीपासून मांडलेल्या प्रश्नांच्या साच्याचा, म्हणजे टेम्प्लेटचा, विचार करताना ती सतत डोळ्यांपुढे ठेवावी लागते, कारण टेम्प्लेटमधला प्रत्येक प्रश्न शेवटी फोनवरून त्या दिवाणजींपर्यंत पोचणार असतो.

हे तिकीट डेव्हलपरने उघडलं. नवी ऑर्डर केली, दोनदा माल पाठवल्याची नोंद केली, शिल्लक तपासली. बरोबर आली. त्याने ‘इथे असं होत नाही’ असं लिहून तिकीट बंद केलं. दुसऱ्या दिवशी सपोर्टने ते पुन्हा उघडलं. डेव्हलपरने विचारलं, कुठली ऑर्डर? सपोर्टने फोन केला, तेव्हा दिवाणजी जेवायला गेले होते. ऑर्डर नंबर मिळाला तोवर डेव्हलपर दुसऱ्या कामात होता. मग प्रश्न आला, सॉफ्टवेअरची कुठली आवृत्ती? मग, एकाच संगणकावर होतं की सगळ्या? प्रत्येक प्रश्न योग्य होता, पण प्रत्येकाला एक फोन आणि अर्धा दिवस लागत होता. मधल्या काळात दिवाणजी वहीत शिल्लक मांडून काम भागवत होते. हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

पहिला टेम्प्लेट का चालला नाही

टीमकडे टेम्प्लेट नव्हता असं नाही. एका मोठ्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा बग टेम्प्लेट जसाच्या तसा आणून ठेवलेला होता. त्यात आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर, लॉग, गांभीर्य, प्राधान्य, संबंधित मॉड्यूल, संभाव्य उपाय अशी लांबलचक मथळ्यांची रांग होती. सपोर्टची ताई फोनवर असताना ते मथळे बघायची, त्यातल्या बहुतेकांची उत्तरं तिच्याकडे नसायची, म्हणून सगळं पुसून एक ओळ लिहायची. जे पुसत नसत ते प्रत्येक मथळ्याखाली ‘वरीलप्रमाणे’ लिहीत. गांभीर्याच्या खाली तर कायम ‘तातडीचे’.

असे टेम्प्लेट मुळात कुठून आले ते पाहिलं की चूक कुठे होते ते कळतं. २०१६ च्या जानेवारीत अनेक मुक्त प्रकल्पांच्या देखभालकर्त्यांनी गिटहबला एक खुलं पत्र लिहिलं. त्यातली एक मोठी तक्रार अशी होती, की लोक बग नोंदवतात पण तो पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या किंवा आवृत्ती देत नाहीत. त्यानंतर फेब्रुवारीत गिटहबने इश्यू टेम्प्लेटची सोय आणली. तिथे बग लिहिणारा बहुतेक वेळा स्वतः प्रोग्रामर असतो आणि त्याचा संगणक त्याच्यासमोरच असतो. लॉग कुठे सापडतो हे त्याला ठाऊक असतं. ते प्रश्न त्या माणसासाठी होते. टॉवेलच्या कारखान्यातल्या दिवाणजींना फोनवर ‘स्टॅक ट्रेस द्या’ म्हणण्यात अर्थ नाही.

प्रश्न कमी करायचे तर कोणते ठेवायचे? २००८ मध्ये अपाची, एक्लिप्स आणि मोझिलाच्या डेव्हलपरांना आणि बग नोंदवणाऱ्यांना विचारून एक अभ्यास झाला होता. डेव्हलपरांनी सर्वांत उपयोगी म्हणून ज्या गोष्टी सांगितल्या, त्यांत बग पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या आणि स्टॅक ट्रेस वरच्या क्रमांकावर होत्या. नोंदवणाऱ्यांना द्यायला अवघड जाणाऱ्या गोष्टींतही नेमक्या त्याच होत्या. आमच्या तिकिटात हेच घडत होतं. म्हणून टीमने ठरवलं, की ज्या माहितीची सर्वाधिक गरज आहे आणि जी मिळणं सर्वांत कठीण आहे, तिच्यासाठी टेम्प्लेटमध्ये जास्तीत जास्त जागा आणि सोपी भाषा ठेवायची. जी माहिती सॉफ्टवेअर स्वतः देऊ शकतं ती माणसाला विचारायची नाही. आवृत्ती आणि कारखान्याचा कोड स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात छापायला सुरुवात झाली, म्हणजे पूर्ण स्क्रीनचा फोटो आला की दोन्ही आपोआप मिळतात. तेवढे दोन प्रश्न वाचले.

नवा बग टेम्प्लेट, फोनवर बोलता येईल असा

गिटलॅबमध्ये टेम्प्लेट ही साधी मार्कडाउन फाइल असते. ती `.gitlab/issue_templates/` या फोल्डरमध्ये, रेपॉझिटरीच्या मुख्य शाखेवर ठेवावी लागते. दुसऱ्या शाखेवर ठेवली तर यादीत दिसत नाही. फाइलचं नाव तेच टेम्प्लेटचं नाव. टीमने `Bug.md` असा लिहिला:

```
### दिवाणजी शेवटी काय करायला बसले होते?

### कुठला नंबर? (ऑर्डर / चलन / बिल, पूर्ण)

### स्क्रीनवर काय आलं? काय यायला हवं होतं?
आलं:
हवं होतं:
हवं होतं ते कशावरून ठरवलं (वही, हिशोब, आधीचं चलन):

### ही नोंद पहिल्यापासून कशी झाली?
1. नवी केली:
2. नंतर उघडून काही बदललं का? काय?
3. मग काय केलं?

### आता काम अडलंय का? तोवर कसं भागवताय?

### पूर्ण स्क्रीनचा फोटो (खालचा कोपरा दिसला पाहिजे)

/label ~bug ~"needs-triage"
```

शेवटची ओळ गिटलॅबची आज्ञा आहे. तिकीट जमा होताच दोन लेबलं आपोआप लागतात. ती लेबलं आधी प्रकल्पात तयार केलेली हवीत, नाहीतर ओळ निमूटपणे वाया जाते.

यातला प्रत्येक प्रश्न घासूनपुसून ठरला. ‘काय यायला हवं होतं’ याच्या खाली ‘ते कशावरून ठरवलं’ हे का? कारण चूक सॉफ्टवेअरची आहे की समजुतीची, हे तिथे कळतं. एखादे दिवाणजी म्हणतात ‘वहीत ४८० आहे’, दुसरे म्हणतात ‘मला वाटतं इतकं असायला हवं’. पहिल्या उत्तरात डेव्हलपरला ताडून बघायला एक वही मिळते. दुसऱ्यात आधी बसून हिशोब करावा लागतो.

गांभीर्य आणि प्राधान्य हे मथळे काढून तिथे ‘काम अडलंय का, तोवर कसं भागवताय’ आलं. फोनवर प्रत्येक माणूस आपली अडचण तातडीचीच सांगणार, आणि त्याच्या जागेवरून ते खरंही असतं. पण ‘गाडी भरून फाटकात उभी आहे, चलन निघत नाही’ आणि ‘वहीत मांडून चालवतोय, महिन्याअखेरी बघितलं तरी चालेल’ यांतला फरक वाचताच कळतो. किती लवकर करायचं ते मग सकाळी तिकिटं चाळणारी व्यक्ती ठरवते, कारण तिच्यासमोर सगळ्या कारखान्यांची तिकिटं असतात.

आणि चौथा प्रश्न. पायऱ्या विचारताना ‘नंतर उघडून काही बदललं का’ हे वेगळं, ठळक विचारायचं, यावर टीममधल्या जुन्या टेस्टरचा आग्रह होता. पायऱ्या सांगताना माणूस जे करायला बसला होता तेवढंच सांगतो. मध्ये केलेली दुरुस्ती त्याला काम वाटतच नाही. तीच ओळ या प्रकरणात कामाला आली.

पुन्हा तोच फोन

‘शिल्लक चुकते’ हे तिकीट तोवर उघडंच होतं. सपोर्टच्या ताईंनी नवा टेम्प्लेट समोर ठेवून दिवाणजींना परत फोन लावला.

“काका, पहिल्यापासून सांगा. ऑर्डर कितीची होती?”

“बाराशे नगांची. पहिल्यांदा चारशेऐंशी पाठवले. सातशेवीस राहिले, ते बरोबर दाखवलं. दुसऱ्यांदा दोनशेचाळीस गेले. आता चारशेऐंशी राहायला पाहिजेत की नाही मॅडम? हे सातशे दाखवालंय.”

“दुसऱ्यांदाची नोंद केली, त्यानंतर ती उघडून काही बदललं का?”

“बदललं म्हणजे, चुकलं नव्हतं काही. पार्टीला चलनावर डझन पाहिजे होतं. म्हणून उघडलं आणि दोनशेचाळीस नगाच्या जागी वीस डझन केलं. माल तोच की.”

ताईंनी हे शब्द जसेच्या तसे तिसऱ्या मथळ्यापासून पुढे टाकले. डेव्हलपरला ते वाचल्यावर एकही प्रश्न विचारावा लागला नाही. त्याने २४० नगांची नोंद केली, साठवली, उघडून २० डझन केली, पुन्हा साठवली. शिल्लक ७०० आली.

कारण असं निघालं. प्रत्येक डिस्पॅच नोंदीत तीन गोष्टी साठतात: संख्या, एकक आणि गुणक. नग असेल तर गुणक १, डझन असेल तर १२. शिल्लक काढताना संख्या गुणिले गुणक वजा होतो. नवी नोंद करताना एककावरून गुणक शोधला जायचा, पण जुनी नोंद उघडून एकक बदललं तर गुणक पहिलाच राहायचा. त्यामुळे २० डझन म्हणजे २० गुणिले १२, असे २४० वजा होण्याऐवजी २० गुणिले १, असे २० च वजा झाले. ७२० वजा २० म्हणजे ७००. डेव्हलपरने आधी जितक्या वेळा तपासलं तितक्या वेळा नवीच नोंद केली होती, म्हणून त्याला चूक दिसली नाही. त्याच्या त्या तपासणीत काही उणं नव्हतं. तिकिटानेच त्याला दुरुस्तीचा पत्ता दिला नव्हता.

आणखी एक गोष्ट उलगडली. उलटा बदल केला, म्हणजे २० डझनाची नोंद उघडून २४० नग केली, तर गुणक १२ च राहतो आणि २,८८० नग वजा व्हायला बघतात. शिल्लक उणे जाते म्हणून सॉफ्टवेअर नोंद अडवतं. तसे फोन पूर्वी येऊन गेले होते. ‘दुरुस्ती सेव्ह होत नाही’ अशा शीर्षकाची दोन जुनी तिकिटं सापडली. वेगळ्या बगची वाटलेली ती तिकिटं याच बगची दुसरी बाजू होती. ‘नोंद पहिल्यापासून कशी झाली’ हे त्यांत असतं तर ती तेव्हाच जुळली असती.

उत्तरं गायब होत होती

टेम्प्लेट चालू झाल्यावर लगेच एक विचित्र अडचण आली. ती इथे सविस्तर लिहितो, कारण मार्कडाउन टेम्प्लेट वापरणाऱ्या जवळपास प्रत्येक टीमला ती भेटते आणि बाहेरून ती आळशीपणासारखी दिसते.

टेम्प्लेटच्या आधीच्या मसुद्यात प्रत्येक मथळ्याखाली सूचना अशा लिहिल्या होत्या:

```
### कुठला नंबर?
<!-- ऑर्डर, चलन किंवा बिलाचा पूर्ण नंबर लिहा -->
```

या खुणांमधला मजकूर लिहिताना दिसतो पण तिकीट जमा झाल्यावर लपतो, म्हणून सूचनांसाठी ही सोय सगळीकडे वापरतात. काही तिकिटांत मात्र मथळे होते आणि खाली काहीच नव्हतं. डेव्हलपर वैतागला, की हे लोक रिकामे मथळे पाठवतात. तिकीट ‘एडिट’ करून बघितलं तेव्हा उत्तरं तिथेच सापडली. सपोर्टमधल्या नव्या मुलाने सूचना पुसून तिच्याच जागी, त्या दोन खुणांच्या मध्ये, उत्तर लिहिलं होतं. त्याच्या दृष्टीने ती रिकामी जागा होती. जमा होताच त्या खुणांसोबत उत्तरही लपलं.

उपाय म्हणून लपणाऱ्या सूचना काढून टाकल्या. सूचना प्रश्नातच बसवायची, नाहीतर ‘आलं:’, ‘हवं होतं:’ असे शब्द पुढे ठेवायचे, म्हणजे बोट आपोआप योग्य जागी पडतं. तुमच्याकडे रिकाम्या मथळ्यांची तिकिटं येत असतील तर कोणाला बोलण्याआधी एकदा एडिट उघडून पाहा.

दुसरी एक खबरदारी. गिटलॅबमध्ये आधी मजकूर लिहिला आणि मग यादीतून टेम्प्लेट निवडला, तर लिहिलेलं पुसलं जाऊन टेम्प्लेट येतो. सूचना येते, पण फोन कानाला लावलेला असताना ती कोण वाचतो? म्हणून सपोर्टच्या संगणकांवर थेट टेम्प्लेट उघडणाऱ्या लिंक ठेवल्या. नव्या तिकिटाच्या पत्त्यापुढे `?issuable_template=Bug` जोडलं की फॉर्म भरलेल्या प्रश्नांसकट उघडतो.

चलनावर डझन: इथे स्टोरी सुरू होते

बग दुरुस्त झाला तरी मुळात दिवाणजींनी नोंद बदलली का, हा प्रश्न उरतोच. त्यांना चलनावर डझन छापून हवं होतं आणि त्यासाठी नोंदीचं एकक बदलण्यावाचून त्यांच्याकडे मार्ग नव्हता. म्हणजे इथे सॉफ्टवेअरमध्ये एक सोयच नव्हती. तिच्यासाठी वेगळं तिकीट हवं, ज्याला स्टोरी म्हणतात, आणि त्याचे प्रश्नही वेगळे. बगमध्ये ‘काय झालं’ विचारतो, स्टोरीत ‘कोणाला कशासाठी हवंय’ ते विचारायचं.

‘अमुक म्हणून मला तमुक हवं, म्हणजे असं होईल’ हा स्टोरीचा साचा २००१ च्या सुमारास लंडनच्या कनेक्स्ट्रा कंपनीच्या टीमकडून आला आणि जगभर पसरला. आमच्या जुन्या स्टोरी टेम्प्लेटमध्येही तोच होता. पहिला मसुदा त्यात असा भरून आला: ‘दिवाणजी म्हणून मला चलनावर डझन हवेत, म्हणजे चलन डझनात छापता येईल.’ साचा पूर्ण भरला, पण ‘म्हणजे’नंतर तीच गोष्ट फिरून आली. कारण काही कळलंच नाही. असा मसुदा हातात आला असता तर डेव्हलपरने नगांना १२ ने भागून चलनावर छापलं असतं, आणि २५० नगांचं चलन ‘२०.८३ डझन’ असं निघालं असतं.

म्हणून टेम्प्लेटमध्ये ‘म्हणजे’ची जागा एका थेट प्रश्नाने घेतली: हे बघून कोण काय करणार? दिवाणजींना तो विचारल्यावर उत्तर आलं, की पार्टीच्या गोदामात माल उतरवणारा माणूस चलन हातात धरून गठ्ठे मोजतो. गठ्ठा डझनाचा असतो. नगांत लिहिलं की त्याला भागाकार करावा लागतो, आणि गाडी सुटेपर्यंत तो तिथेच हिशोब करत बसतो.

त्या एका उत्तराने छपाईचं रूप ठरलं. गोदामातल्या माणसाला ०.८३ गठ्ठा मोजता येत नाही. त्याला वीस गठ्ठे आणि वर दहा सुटे असं हवंय. `Story.md` मध्ये दुसरा मथळा ‘उदाहरणं, आकड्यांसकट’ असा आहे. तिथे हे लिहिलं गेलं:

```
### हे बघून कोण काय करणार?
पार्टीच्या गोदामात चलन धरून डझनाचे गठ्ठे मोजतात.

### उदाहरणं, आकड्यांसकट
240 नग  -> चलनावर: 20 डझन
250 नग  -> चलनावर: 20 डझन 10 नग
7 नग    -> चलनावर: 7 नग

### यात काय करायचं नाही
साठ्याची आणि शिल्लकेची नोंद नगांतच राहील. बिलावर बदल नाही.
```

उदाहरणं मुद्दाम कडेची घेतलेली आहेत. २४० वर कोणाचंच दुमत नव्हतं. खरी चर्चा २५० आणि ७ वर झाली. ‘० डझन ७ नग’ छापायचं का, हे दिवाणजींना विचारून ठरलं. टेस्टरला तपासायला वेगळं काही लिहावं लागलं नाही, याच तीन ओळी त्याच्या चाचण्या झाल्या.

‘काय करायचं नाही’ हा मथळा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणतो, मग बिलावरही करून टाकू. बिलावरचं एकक हा कराच्या हिशोबाचा भाग आहे, तो चलनाच्या सोयीसाठी जाता जाता बदलायचा नसतो. ती मर्यादा तिकिटावर लिहिलेली असली की पंधरा दिवसांनी ते उचलणारा माणूसही ती पाळतो.

स्टोरी टेम्प्लेटमध्ये आम्ही यापुढे काही घातलं नाही. स्टोरीचं तिकीट बोलणं सुरू करण्यासाठी असतं, बोलण्याऐवजी नाही. मथळे वाढवत नेले की लोक एकमेकांशी बोलायचं सोडून तिकिटातच पत्रव्यवहार करू लागतात.

जुन्या नोंदींचं काय: टास्क

कोडमधली चूक दुरुस्त झाली, पण ज्या नोंदींत चुकीचा गुणक आधीच बसला होता त्या तशाच होत्या. त्या दुरुस्त करणं हे बगच्या तिकिटात गुंडाळून टाकायचा मोह होतो. ते वेगळं ठेवलं, कारण त्यात धोका वेगळा आहे. कोड चुकला तर परत जुना कोड लावता येतो. कारखान्याच्या चालू हिशोबात हात घातल्यावर मागे कसं यायचं, हे आधी ठरवावं लागतं.

म्हणून `Task.md` मध्ये तीनच प्रश्न आहेत: आत्ताच का, झालं हे कशावरून कळणार, बिघडलं तर मागे कसं यायचं. ‘पायऱ्या’ किंवा ‘अपेक्षित’ असले मथळे टास्कला नको असतात. बगचा टेम्प्लेट टास्कसाठी वापरला की लोक निम्मे मथळे रिकामे ठेवायला शिकतात, आणि ती सवय मग बगच्या तिकिटांतही येते.

‘झालं हे कशावरून’ याचं पहिलं उत्तर होतं ‘स्क्रिप्ट चालली की’. ते परत पाठवलं. स्क्रिप्ट चालणं आणि हिशोब बरोबर होणं वेगळं. सुधारलेलं उत्तर असं होतं, की खालची क्वेरी चालवल्यावर एकही ओळ येऊ नये, आणि ज्या ऑर्डर बदलल्या त्यांची शिल्लक दिवाणजींच्या वहीशी जुळावी.

```sql
SELECT id, order_id, qty, unit, factor
FROM dispatch
WHERE (unit = 'DOZ' AND factor <> 12)
   OR (unit = 'PCS' AND factor <> 1);
```

मागे येण्यासाठी आधी त्या नोंदींची प्रत वेगळ्या टेबलमध्ये ठेवायची. ‘आत्ताच का’ या प्रश्नातून एक गोष्ट निघाली जी कोणाच्या लक्षात आली नव्हती. ज्यांची शिल्लक ७०० दिसतेय ते तिच्या भरवशावर जास्तीचा माल विणायला घेऊ शकतात. इथे २२० नगांचा फरक होता. मागावर चढलेलं काम उतरवता येत नाही. म्हणून स्टोरीच्या आधी टास्क घेतला, आणि शिल्लक अचानक कमी झाली म्हणून घाबरू नये यासाठी स्क्रिप्ट चालवण्यापूर्वी त्या कारखान्यांना फोन करायचा, हे तिकिटातच लिहिलं गेलं.

टेम्प्लेट कामाचा आहे हे कसं ओळखायचं

मार्कडाउन टेम्प्लेट कोणाला काही भरायला भाग पाडू शकत नाही. मथळे पुसता येतात, आणि घाईत असलेला माणूस ते पुसतोच. त्यामुळे टेम्प्लेटच्या मागे कोणीतरी रोज तिकिटं चाळणारं हवं. आमच्याकडे ते काम सकाळी होतं. ज्यात नंबर किंवा ‘नोंद पहिल्यापासून कशी झाली’ हे नाही ते तिकीट डेव्हलपरपर्यंत जात नाही, सपोर्टकडे एका प्रश्नासह परत येतं. बाकीचे मथळे रिकामे असले तरी चालतात.

एक अपवाद मात्र पक्का. गाडी उभी असेल तर कोणी फॉर्म भरत बसायचं नाही. ताई थेट डेव्हलपरच्या टेबलाशी जातात आणि तिकीट नंतर लिहिलं जातं. हा अपवाद लिहून ठेवला नाही तर टेम्प्लेट हा कामाच्या आड येणारा कागद वाटू लागतो आणि लोक त्याला वळसा घालायला शिकतात.

उपयोग होतोय की नाही यासाठी टीम एकच गोष्ट बघते: डेव्हलपरने काम सुरू करण्यापूर्वी तिकिटावर किती प्रश्न विचारले. तोच प्रश्न वारंवार येऊ लागला की तो टेम्प्लेटमध्ये घालायचा. उलट एखाद्या मथळ्याखाली सगळ्या तिकिटांत एकच उत्तर येत असेल, किंवा तो वाचून कोणाच्याच पुढच्या पावलात बदल होत नसेल, तर तो काढायचा. ‘कुठल्या संगणकावर’ हा मथळा असाच गेला. एक घालायचा तर एक काढायचा, असा अलिखित नियम पडला आहे. टेम्प्लेटची फाइल बदलली तरी आधीची तिकिटं बदलत नाहीत, कारण तिकीट उघडताना मजकुराची प्रत होते. म्हणून जुन्या आणि नव्या तिकिटांची तुलना करताना कुठल्या तारखेला काय बदललं हे गिटच्या इतिहासात बघावं लागतं.

एक वाद अजून मिटलेला नाही. काही फोन असे येतात, की ते बग आहेत की स्टोरी हे सपोर्टला ठरवता येत नाही. मागच्या आठवड्यात एका कारखान्याने सांगितलं, की पॅकिंग लिस्टवर वजन ग्रॅमपर्यंत येतं, ते किलोत पूर्णांकात यायला हवं, हा सॉफ्टवेअरचा दोष आहे. दिवाणजींच्या दृष्टीने तो दोषच. सध्याची पद्धत अशी: आधी असं ठरलं होतं का, एवढंच बघायचं. ठरलं होतं आणि तसं होत नाही तर बग, कधी ठरलंच नव्हतं तर स्टोरी. कळत नसेल तर बगचा टेम्प्लेट घ्यायचा, कारण त्यातला ‘ते कशावरून ठरवलं’ हा प्रश्न विचारला की उत्तर मिळतं. या वेळी दिवाणजी म्हणाले, “दुसऱ्या कारखान्यात तसं येतंय की मॅडम.” ताईंनी लेबल बदललं, `Story.md` उघडला आणि पहिला प्रश्न विचारला: काका, ते वजन बघून पुढे कोण काय करतं?